तिमाहीचा शेवट बघू नका, तळ बघा

गेले दोन-तीन वीकएंड काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. आज मात्र ठरवून बसलोय, कारण एक विषय कधीपासून डोक्यात घोळतोय. विषय तसा रुक्ष आहे: छोट्या धंद्याच्या बँक खात्यात पुढच्या तीन महिन्यांत किती पैसे असतील, हे आधी कसं काढायचं. थांबा, लगेच टॅब बंद करू नका. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरात कुणी ना कुणी धंदा करतं, आणि "जरा एक्सेलमधे बसवून दे ना" ही विनंती एक दिवस तुमच्याकडेही येणार आहे.

माझ्याकडे ती आली २०२४ च्या सप्टेंबरमधे. माझ्या आतेभावाचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. दोन व्हीएमसी, दोन लेथ, अकरा माणसं. गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्या कंपन्यांना हा पार्ट पुरवतो, म्हणजे साखळीतली तिसरी-चौथी कडी. हिशेब वहिनी बघते. २८ सप्टेंबरला, शनिवारी, मी सहज गेलो होतो तर दादा एकदम खुशीत. म्हणाला, "अरे, पाडव्याच्या मुहूर्तावर तिसरी व्हीएमसी बुक करतोय. बँक बाकीचं देतेय, आपले फक्त पाच लाख घालायचे. हिशेब केलाय मी. एकदा नजर टाक."

हिशेब खरंच केलेला होता, आणि वाईट नव्हता. महिन्याला १६ लाखांची बिलं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १८.९ लाख येणं. जाणं असं: स्टीलवाल्याला ५.९, पगार ३.६, जीएसटी १.८, शेडचं भाडं आणि लाईटबिल १.४, मशीनच्या कर्जाचा हप्ता १.२, पीएफ वगैरे ०.४, टूल्स-टेम्पो-किरकोळ १.३, आणि घरखर्चाला ०.८. एकूण १६.४. ऑक्टोबरमधे दिवाळीच्या बोनसचे ३ लाख वर, डिसेंबरमधे ॲडव्हान्स टॅक्सचे ९० हजार वर. बँकेत १५ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा होती आणि त्यातले फक्त २ लाख वापरलेले होते. म्हणजे १३ लाख उचलता येण्याजोगे. दादाचा तक्ता सांगत होता की ऑक्टोबरअखेर १२.५ उरतात, नोव्हेंबरअखेर १५, डिसेंबरअखेर १६.६. त्यातून मशीनचे ५ गेले तरी ११.६. "अजून काय पाहिजे?"

मला बेरजेत एकही चूक सापडली नाही. आणि तरीही तो तक्ता चुकीचा होता. कसा, तेच सांगायला आजची पोस्ट.

महिना हे माप फार मोठं आहे

पहिली गोष्ट. दादाच्या तक्त्यात तीन ओळी होत्या, महिन्याला एक. पण पैसे महिन्याने येत-जात नाहीत, तारखेने येतात-जातात. हप्ता ५ तारखेला कापला जातो. पगार ७ ला. पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा. जीएसटी २० तारखेपर्यंत. या तारखा तुमच्या सोयीने हलत नाहीत. येणारा पैसा मात्र समोरच्याच्या सोयीने येतो. महिनाअखेरचा आकडा या सगळ्यावर इस्त्री फिरवून टाकतो. ३१ तारखेला खात्यात १२ लाख असले म्हणून ७ तारखेला पगारापुरते असतील असं नाही.

म्हणून मी तक्ता आठवड्याचा केला. सोमवार ते रविवार, ३० सप्टेंबरपासून १३ आठवडे. रोजचा का नाही? कारण कुठली पार्टी मंगळवारी देणार की गुरुवारी हे कुणालाच माहीत नसतं, आणि जे माहीत नाही ते लिहिलं की तक्ता फक्त दिसायला भारी होतो. आठवडा हे माप बरोबर बसतं: चूक पोटात घेण्याइतकं मोठं, खड्डा दिसण्याइतकं लहान.

रचना अगदी साधी. एका शीटवर येणी-देणी, प्रत्येक ओळीला एक तारीख आणि एक रक्कम. दुसऱ्या शीटवर आठवडे. ज्याला करून बघायचंय त्याच्यासाठी सूत्र (A2 मधे आठवड्याचा सोमवार, In या शीटच्या B मधे तारीख आणि C मधे रक्कम):

```
=SUMIFS(In!C:C, In!B:B, ">="&A2, In!B:B, "<"&A2+7)
```

देण्यांसाठी असंच दुसरं. मग मागची शिल्लक अधिक येणं वजा जाणं. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात एकच आकडा, त्या १३ शिलकांमधला सगळ्यात लहान:

```
=MIN(E2:E14)
```

पुढचं सगळं या एका आकड्याबद्दल आहे. १३ आठवड्यांनंतर किती उरतात हा शेवटच्या दिवसाचा प्रश्न झाला. मधल्या कुठल्या आठवड्यात सगळ्यात कमी उरतात, हा खरा.

बिलावरची तारीख आणि खरी तारीख

आता येण्यांच्या तारखा. दादाच्या तीन प्रकारच्या पार्ट्या. एक मोठी कंपनी, महिन्याला ११.८ लाख, कागदावर ४५ दिवसांची उधारी. एक मधली, ४.७ लाख, ३० दिवस. आणि चार-पाच छोट्या, सगळ्या मिळून महिन्याला २.४ लाख.

मी सवयीप्रमाणे लॅपटॉप उघडला. गेल्या अठरा महिन्यांची बिलं टॅलीतून काढली, बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख समोरासमोर ठेवली, आणि सरासरी काढायला लागलो. पुढे पायथनमधे हजार वेळा फासे टाकून शक्यता वगैरे काढायचा बेत होता. वहिनी चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "भावोजी, एवढं कशाला? तुम्ही मला विचारा ना."

आणि तिने सांगितलं. मोठी कंपनी ४५ दिवसांत देत नाही, कधीच देत नाही. एका महिन्याची सगळी बिलं ती एकदम, दोन महिन्यांनंतरच्या २५ तारखेला देते. म्हणजे ऑगस्टची बिलं २५ ऑक्टोबरला. मधली कंपनी ३० म्हणते आणि ४० ला देते. छोट्या पार्ट्या पंधरवड्याला थोडंथोडं देतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी मात्र खातं मिटवतातच. "पण दिवाळीच्या तोंडावर मोठ्या कंपनीकडून एक पैसा येत नाही. त्यांचा स्वतःचा बोनस असतो, अकाउंट्सची माणसं सुट्टीवर जातात. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना बघा. दिवाळी संपल्यावर दोन आठवड्यांनी आले पैसे."

मी बघितलं. अगदी तसंच होतं. माझ्या सरासरीत ही दोन उशिराची पेमेंट्स बाकीच्यांत मिसळून विरघळून गेली होती. सरासरी म्हणत होती ५८ दिवस, आणि ५८ व्या दिवशी कुणीच कधी पैसे दिले नव्हते! एक तर ५५ च्या आसपास, नाहीतर थेट ७५ च्या पुढे.

इथे माझं पहिलं ठाम मत. छोट्या धंद्यात हा संख्याशास्त्राचा प्रश्नच नाही. तीन पार्ट्यांच्या हातात सगळं आहे, आणि त्यांना फोन कोण करतं त्या माणसाला विचारणं हे कुठल्याही मॉडेलपेक्षा सरस आहे. जुनी बिलं काढायची ती त्या माणसाचं म्हणणं पडताळायला, त्याच्या जागी बसवायला नाही.

कुणीतरी म्हणेल, अरे पण कायदा आहे ना? आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दादाला हे पाठ आहे. पण त्याने आजवर एकदाही ते व्याज मागितलेलं नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमधे जाणार, हेही त्याला पाठ आहे. हे योग्य नाहीच, त्यावर वेगळी पोस्ट होईल. पण अंदाज काढताना तक्त्यात कायद्याची तारीख लिहायची नाही. पैसे खरंच येतात ती तारीख लिहायची.

मग काय दिसलं

मोठ्या कंपनीचे ऑगस्टचे ११.८ लाख मी २५ ऑक्टोबरवरून उचलून ११ नोव्हेंबरच्या आठवड्यात टाकले, कारण २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. मधल्या कंपनीचे ४.७ लाख ७ ऑक्टोबरच्या आणि ११ नोव्हेंबरच्या आठवड्यात. बाकी सगळं आपापल्या तारखांना. मशीनचे पाच लाख अजून धरलेच नव्हते. आठवड्याअखेर उचलता येण्याजोगे पैसे, लाखांत:

३० सप्टेंबरचा आठवडा: ११.९
७ ऑक्टोबर: १२.७
१४ ऑक्टोबर: ५.५
२१ ऑक्टोबर: ३.८
२८ ऑक्टोबर: ०.९
४ नोव्हेंबर: उणे ४.२
११ नोव्हेंबर: ५.७

त्यानंतर २५ नोव्हेंबरला दुसरं मोठं पेमेंट येऊन १४.१, आणि शेवटच्या आठवड्यात बरोबर १६.६. म्हणजे दादाच्या तक्त्यात आला होता तोच आकडा, पैशाचाही फरक नाही. तिमाहीची बेरीज तीच, फक्त मधे एक दरी. ती दरी महिन्याच्या तक्त्यात दिसूच शकत नव्हती, कारण ती ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरअखेर यांच्या मधोमध होती.

जरा त्या आठवड्यांकडे नीट बघा. १४ ऑक्टोबरच्या आठवड्यात एकदम सात लाख का गेले? स्टीलचे ५.९, पीएफ, आणि जीएसटीचे १.८. हा जीएसटी गंमतशीर आहे. तो बिल फाडलं की लागतो, पैसे आले की नाही. सप्टेंबरच्या बिलांवरचा कर २० ऑक्टोबरपर्यंत भरायचा, आणि मोठी कंपनी त्या बिलांचे पैसे, करासकट, २५ नोव्हेंबरला देणार. तिच्या दहा लाखांच्या मालावरचा १.८ लाख कर दादाने महिनाभर आधीच हिशेबात सरकारला देणं लागतो. स्टीलवर भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून एकूण भरणा कमी दिसतो, पण मुद्दा तोच: समोरच्याचा कर आपण आपल्या खिशातून आधी भरतो. नफ्यातोट्याच्या हिशेबात जीएसटी कुठेच दिसत नाही, त्यामुळे "नफा तर आहे, मग पैसे कुठे गेले" म्हणून डोकं खाजवणारे बरेच लोक इथे अडकतात.

मग दिवाळीच्या आठवड्यात बोनस. उरले ९० हजार. आणि मंगळवारी, ५ नोव्हेंबरला, कर्जाचा १.२ लाखांचा हप्ता आपोआप कापला जाणार होता. खात्यात ९० हजार. हप्ता परत जाणार. दोन दिवसांनी ३.६ लाखांचा पगार.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पाडव्याला पाच लाखांचा चेक दिला असता तर तो तर बाउन्सच झाला असता." आणि चेकपेक्षा हप्ता वाईट. हप्ता चुकला की क्रेडिट रिपोर्टवर नोंद होते, आणि नव्या मशीनचं कर्ज मंजूर करणारी बँक नेमका तोच रिपोर्ट बघत असते. म्हणजे मशीन घेण्याच्या घाईत मशीनचंच कर्ज हातचं गेलं असतं. धंदा नफ्यात असताना.

"पण लिमिट पंधरा लाखांची आहे," हे वाक्य छोट्या धंदेवाल्याच्या तोंडी फार असतं. ती मर्यादा मी तक्त्यात पूर्ण धरली होती आणि तरी उणे आलं. शिवाय ती तेवढीच राहील याचीही खात्री नसते. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरवते की प्रत्यक्षात किती उचलू द्यायचे, आणि साधारण ९० दिवसांपेक्षा जुनं येणं त्यात धरत नाही. म्हणजे पार्टीने उशीर केला की पैसे तर येत नाहीतच, वर उचलण्याची मर्यादाही खाली येते. दादाला हा फटका बसला नाही, कारण त्याचं येणं भरपूर होतं. पण ज्याची लिमिट काठोकाठ वापरलेली असते, त्याच्यासाठी ही दुहेरी मार असते, आणि तक्त्यात त्याची वेगळी ओळ हवी.

काय हलवता येतं

आता खरं काम सुरू झालं. वहिनीने एका कागदावर सगळी देणी दोन रकान्यांत लिहिली: न हलणारी आणि हलणारी. हप्ता, पगार, जीएसटी, पीएफ, बोनस पहिल्या रकान्यात. बोनसवर मी काही बोलणार एवढ्यात दादा म्हणाला, "तो विषय काढायचा नाही." नाही काढला.

हलणाऱ्यात तीन गोष्टी निघाल्या. पहिली अर्थातच मशीन. दुसरी, मधल्या कंपनीचे ४.७ लाख. वहिनीने त्यांना फोन करून विचारलं की सप्टेंबरची बिलं दिवाळीच्या आधी दिली तर एक टक्का सूट देऊ. म्हणजे सुमारे ४,७०० रुपये. ते हो म्हणाले. तिसरी, स्टीलवाला. ऑक्टोबरमधे द्यायच्या ५.९ पैकी ३ लाख दिवाळीनंतर देतो, मोठ्या कंपनीचे पैसे आले की लगेच, असं दादा स्वतः जाऊन सांगून आला.

इथे मला जरा टोचलं. मोठी कंपनी आपल्याशी करते तेच आपण स्टीलवाल्याशी करतोय की. दादाला बोललोसुद्धा. तो म्हणाला, "फरक आहे. मी पाच आठवडे आधी सांगतोय, कारणासकट. ते मला कधी सांगतात?" मला हे पटलं, आणि या सगळ्या उद्योगाचं समर्थनही मला त्यातच दिसतं. पैसे नाहीत हे ५ नोव्हेंबरला कळलं तर तुम्ही गयावया करता. २८ सप्टेंबरला कळलं तर बोलणी करता.

मोठ्या कंपनीचं बिल ट्रेड्सवर वटवायचा पर्यायही बघितला. ही रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी व्यवस्था आहे: पार्टीने बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला थोडी सूट कापून पैसे लगेच मिळतात, आणि बँक पुढे पार्टीकडून वसूल करते. कंपनीची तिथे नोंदणी होती. पण नोंदणी असणं वेगळं आणि तिने बिल मान्य करणं वेगळं. अकाउंट्समधून उत्तर आलं, "बघू, दिवाळीनंतर." म्हणजे गरज संपल्यावर.

हे बदल भरले तसा ४ नोव्हेंबरचा तळ उणे ४.२ वरून अधिक ३.५ वर आला. पाडव्याचा मुहूर्त चुकू नये म्हणून दादाने मशीनवाल्याला २५ हजारांचं टोकन दिलं. तळ साधारण सव्वातीन. मुहूर्तही साधला.

मधे एकदा दादाचा परत फोन आला होता. "अरे, २५ नोव्हेंबरला तर १४ लाख दिसतायत. तेव्हा देऊन टाकू का पाच?" मी म्हटलं, ओळ टाकून बघ. टाकली. १६ डिसेंबरच्या आठवड्यात दहा हजार उरले. कारण १४ लाख हे शिखर होतं, आणि पुढचे तीन आठवडे पगार, स्टील, ॲडव्हान्स टॅक्स आणि जीएसटी त्यातून खाली उतरणार होते. मोठं पेमेंट आलेल्या दिवशी माणसाला आपण श्रीमंत आहोत असं वाटतं. मोठे निर्णय नेमके त्याच दिवशी घेतले जातात!

प्रत्यक्षात काय झालं

अंदाज बरोबर आला का? नाही, आणि तो यायचाही नव्हता. मोठ्या कंपनीचे पैसे ११ च्या आठवड्यात धरले होते. १५ तारखेला शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी आली आणि पैसे सोमवारी, १८ ला जमा झाले. स्टीलवाल्याला "त्यांचे आले की लगेच" असंच सांगितलेलं असल्यामुळे तोही तीन दिवस थांबला. पैसे आले तेही ११.८ नाही, ११.३. पन्नास हजारांचा डेबिट नोट, रिजेक्शनचा. ही ओळ माझ्या तक्त्यात नव्हतीच. डिसेंबरमधे स्पिंडल दुरुस्तीचे ६० हजार निघाले, तीही नव्हती. आता दोन्ही ओळी आहेत. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, मशीनचं एएमसी, यांचीही एक वेगळी यादी आहे, कारण गेल्या तीन महिन्यांचे खर्च बघून पुढचे तीन भरले की हे हमखास निसटतात.

दर शनिवारी वहिनी दहा मिनिटं बसते. संपलेल्या आठवड्याचा खरा आकडा अंदाजाशेजारी लिहिते, फरक का पडला ते एका ओळीत लिहिते, आणि शेवटी एक नवा आठवडा जोडते. त्यामुळे समोर कायम तेराच आठवडे असतात. फरक पडला तर घाबरायचं नाही, तो कुठल्या जातीचा आहे ते बघायचं. पैसे उशिरा आले हा एक प्रकार, तारीख पुढे सरकवली की झालं. पैसे कमी आले हा वेगळा प्रकार, तो भोक आहे. आणि एकच पार्टी सलग तीन वेळा तारीख चुकवते तेव्हा तक्ता दुरुस्त करण्याआधी त्या पार्टीला पुढचा माल पाठवायचा की नाही, याचा विचार करायचा.

माझी पायथनची स्क्रिप्ट अजून कुठेतरी पडली असेल. तिच्याऐवजी आता एक छोटीशी सोय आहे. वर एका चौकटीत "मोठं पेमेंट किती आठवडे उशिरा" असा आकडा टाकायचा, ० किंवा २ किंवा ४, आणि तळ किती खाली जातो ते बघायचं. एवढंच. दोन आठवड्यांच्या उशिराला तळ शून्याच्या वर राहिला तर नवा खर्च करायचा, नाहीतर नाही. हा नियम दादाने स्वतः ठरवलाय.

तिसरी व्हीएमसी जानेवारी २०२५ मधे आली. नवा हप्ता धरून तक्ता परत काढला, तळ बघितला, आणि मगच पैसे दिले. पेढे घेऊन दादा घरी आला तेव्हा आईला सांगत होता, "ह्याने माझं मशीन दोन महिने लांबवलं." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. असो.

तुमच्या घरी कुणाचा धंदा असेल तर पुढच्या शनिवारी एकच करा. तीन महिन्यांनंतर किती उरतील असं विचारू नका. सगळ्यात कमी कधी उरतील, आणि त्या आठवड्यात काय काय कापलं जाणार आहे, ते विचारा. उत्तर लगेच आलं नाही, तर लॅपटॉप उघडा. आणि उघडण्याआधी, घरात जी व्यक्ती वसुलीचे फोन करते, तिच्याशेजारी जाऊन बसा.